जाळीखालचं दोन इंच पाणी

तुळशीचं लग्न लागलं की मंगल कार्यालयांची कुलुपं निघतात. पुण्याजवळच्या अशाच एका कार्यालयातून मला बोलावणं आलं, कारण पहिल्याच लग्नाच्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहवत नव्हतं. मालकांचा संशय मेलेल्या उंदरावर होता. माळा उपसून झाला होता आणि फिनेलचे दोन कॅन संपले होते. वास मात्र सकाळी नसायचा आणि भट्ट्या पेटल्या की यायचा. आचाऱ्याने सहज सांगितलं, "पंखा लावला की येतो बघा साहेब, बंद केला की जातो." अर्धं निदान त्यानेच केलं होतं.

मोठ्या स्वयंपाकघराच्या फरशीत भिंतीलगत किंवा भट्ट्यांसमोर एक उथळ नाली असते आणि तिच्यावर स्टीलची जाळी. नालीचं पाणी टोकाच्या खोलगट भांड्यात, म्हणजे ट्रॅपमध्ये उतरतं. घरातल्या मोरीत असतो तो नहाणी ट्रॅप याच जातीचा. (दुकानदारांच्या इंग्रजी कॅटलॉगांतही त्याचं नाव 'नहाणी' असंच छापतात, ही आपली मोलाची देणगी.) पुढे पाइप भिंतीबाहेर जातो आणि अंगणातल्या गली ट्रॅपला मिळतो. तो साधारण फूटभर लांबरुंद विटांच्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली बसवतात. तिथून पुढे चेंबर आणि मग गटार.

ट्रॅपमध्ये सगळं काम साठून राहिलेलं पाणी करतं. सांडपाणी त्याखालून वाकून पुढे जातं, पण पलीकडची हवा आणि झुरळं अलीकडे येऊ शकत नाहीत. या पाण्याची खोली निदान 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असावी, असा आपल्याकडचाही दंडक आहे. प्लंबर तिला 'वॉटर सील' म्हणतात.

आम्ही पंखा चालू केला, खिडक्या लावल्या आणि प्रत्येक जाळीजवळ पेटलेली उदबत्ती धरली. भट्ट्या तेव्हा बंद होत्या. उदबत्ती जाळीच्या वरच धरायची, बाहेरच्या चेंबरमध्ये जाळ कधीही न्यायचा नाही, कारण आत पेटणारा वायू असू शकतो. पाच जाळ्यांपैकी तिघींवर धूर शांत राहिला. दोन ठिकाणी मात्र खालून कुणी फुंकर घालावी तसा तो वर उसळला.

पहिली जाळी कोठीघराच्या कोपऱ्यात होती. तिथे फरशी धुतली तरच पाणी जातं आणि आषाढी एकादशीपासून ती कुणी धुतलीच नव्हती. ट्रॅपमधलं पाणी वाफ होऊन आठवड्याला सुमारे अडीच मिलिमीटर घटतं, असा परदेशी प्लंबिंगमधला एक हिशेब आहे. चातुर्मासाचे सतरा आठवडे धरले तर बेचाळीस मिलिमीटर होतात. पावसाळी हवेत वाफ कमी होते आणि आश्विनातल्या उन्हात जास्त. पूर्ण दोन इंची ट्रॅप असता तर तळाशी थोडं पाणी उरलं असतं. हा स्वस्तातला होता. काठावरचा पाण्याचा जुना डाग मोजला तर मुळातली खोली चाळीसच निघाली. तो ठणठणीत कोरडा होता.

पंख्याला पुष्कळ लोक उगाच दोष देतात. धूर ओढणारा पंखा आतली हवा जितकी बाहेर फेकतो तितकी आत येऊ दिली नाही, तर खोलीत ओढ तयार होते. ती ओढ पाण्याच्या भाषेत मोजली तर बहुधा दोन ते पाच मिलिमीटर भरते. दोन इंच पाणी तिला सहज दाद देत नाही. पण पाणी संपलेलं असेल, तर हवेला सगळ्यांत सोपी वाट तीच. गच्चीवर नेलेल्या हवेच्या पाइपातून बाहेरची हवा खाली येते, चिकट सांडपाण्याच्या पाइपातून फिरते आणि कोरड्या जाळीतून थेट भाताच्या पातेल्याशेजारी उगवते.

दुसरी जाळी भट्ट्यांसमोरच्या नालीच्या टोकाला होती. तिथे रोज पाणी जात होतं, म्हणून ती कोरडी असण्याचं कारण नव्हतं. जाळी उचलली तर आतली वाटीच नव्हती. या जातीच्या ट्रॅपमध्ये मधोमध उभी नळी असते आणि तिच्यावर उपडी वाटी. वाटीची कड पाण्यात बुडलेली असते म्हणून सील टिकतं. वाटी काढली की उरते उघडी नळी, मग भोवती पाणी कितीही असो.

वाटी फडताळात, मिठाच्या बरणीमागे सापडली. आचाऱ्याने लपवलं नाही. "तिच्यात शितं अडकतात, पाणी तुंबतं. पंगत बसलेली असताना गुडघाभर पाण्यात उभं राहू का?" मला त्याचं पटलं. वाटीचे ट्रॅप मोठ्या स्वयंपाकघरात बसवूच नयेत, कारण सील आणि साफसफाई यांतलं एकच शक्य होतं. वाकड्या नळीचा ट्रॅप घ्यावा आणि त्याच्या तोंडाशी कचरा अडवणारी, हाताने उचलता येणारी स्टीलची टोपली ठेवावी. टोपली रिकामी करताना सील जागचं हलत नाही.

पण पाणी इतकं तुंबत का होतं? ऐंशी लिटरचं पातेलं नालीत उपडं केलं, तेव्हा शेजारच्या मोरीतून गुडगुड आवाज आला. पुढे वाट नसली की कोंडलेली हवा जवळच्या सीलमधून बुडबुड्यांनी वर येते. म्हणजे अडथळा बाहेर होता. आम्ही अंगणात गली ट्रॅप शोधू लागलो, तर तो दिसेना. दोन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक घातले, तेव्हा लोखंडी झाकणही शोभेसाठी त्याखाली गेलं होतं. जुन्या वॉचमनने पावलांनी अंतर मोजून जागा दाखवली. ब्लॉक उखडले तर खड्ड्यात मेणासारखं घट्ट, पांढुरकं वनस्पती तूप भरलेलं होतं आणि पाणी त्याच्या कडेने झिरपत होतं. वास गावाच्या गटाराचा नव्हता. तो कार्यालयाच्याच पाइपात कुजणाऱ्या तुपाचा होता.

म्हणजे आधी झाकण बुजलं, म्हणून गली ट्रॅप साफ झाला नाही. तो तुंबला म्हणून नाली भरली आणि नाली भरली म्हणून आचाऱ्याने वाटी काढली. मालक नेमके याच्या उलट्या टोकाने, फिनेलपासून सुरू झाले होते.

तूप खोऱ्याने काढावं लागलं. ॲसिड ओतायचा आग्रह मी मोडला, कारण ते तुपाला विरघळवत नाही आणि फरशीचे सांधे व स्टील मात्र खातं. झाकण पेव्हरच्या पातळीला आणलं. भट्ट्यांसमोरची अखंड जाळी कापून तिचे दोन दोन फुटांचे तुकडे केले. एकट्या पोऱ्याला न उचलता येणारी जाळी कधीच उचलली जात नाही. कोठीच्या ट्रॅपमध्ये जवळच्या हात धुण्याच्या बेसिनचं पाणी सोडलं, की रोज चार जणांनी हात धुतले तरी तो भरलेला राहील.

पुढच्या आषाढात कुलूप लावताना प्रत्येक जाळीत एक बादली पाणी ओता आणि वर दोन चमचे मिनरल ऑइल सोडा. त्याची साय धरली की वाफ कमी होते. खाण्याचं तेल नको, ते खवट होतं. आणि दर पंधरा दिवसांनी वॉचमनला पुन्हा एक एक बादली ओतायला सांगा.