गाव कुठलं?

मुलाखत घेणाऱ्याचा नकळत घडणारा पक्षपात बहुतेक वेळा गुण देताना शिरत नाही. त्याच्या बराच आधी, प्रश्न विचारतानाच तो शिरलेला असतो. उमेदवार खुर्चीवर टेकतो आणि त्याला मोकळं वाटावं म्हणून विचारलं जातं, ‘मूळ गाव कुठलं?’ हेतू चांगलाच असतो. पण महाराष्ट्रात आडनाव आणि गाव एवढ्यावरून जात, भाग, घरची परिस्थिती यांचे अंदाज मनात बांधले जातात. ‘पाणी’चा उच्चार ‘पानी’ झाला की आणखी एक अंदाज. कामाबद्दल एक शब्दही निघण्याआधी उमेदवार ‘आपल्यातला’ किंवा ‘वेगळा’ ठरून जातो.

आपल्यासारख्या माणसाकडे मन झुकण्याला साम्यपक्षपात म्हणता येईल. लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ महिलेने अमेरिकेतल्या बड्या बँका, कायदेविषयक आणि सल्लागार कंपन्यांमधली निवड जवळून अभ्यासली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की निवड करणारे लोक कौशल्याइतकंच, कधी त्याहून जास्त, वजन समान छंदांना आणि समान अनुभवांना देत होते. आपण भेदभाव करतो आहोत असं अशा वेळी कुणालाच वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की या उमेदवाराशी सूर जुळला.

हा सूर पुढच्या प्रश्नांची दिशा ठरवतो. समजा, एका पतसंस्थेत वसुली अधिकाऱ्याची जागा भरायची आहे. पहिला उमेदवार अध्यक्षांच्याच कॉलेजचा निघतो. वसतिगृहाच्या आठवणी निघतात आणि मग प्रश्न येतो, ‘अवघड वसुलीही तुम्ही नीट हाताळली असेल, सांगा ना.’ दुसरी उमेदवार दूरच्या जिल्ह्यातली, थोडी बुजलेली. तिला विचारलं जातं, ‘वसुलीत लोकांशी वाद झाले असतील ना?’ पहिला यशाची गोष्ट सांगतो, दुसरी वादाचा खुलासा करत बसते. शेवटी तिला कमी गुण पडतात आणि ते मंडळाला रास्तही वाटतात, कारण तिचं उत्तर खरोखरच फिकं झालेलं असतं. ते फिकं कुणी केलं, हा मुद्दा मात्र गुणपत्रिकेत येत नाही.

ही नुसती कल्पना नव्हे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या प्रयोगात आढळलं, की मुलाखत घेणारे गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीय उमेदवारांपासून जास्त अंतर राखून बसत, बोलताना जास्त अडखळत आणि मुलाखत लवकर आटोपत. दुसऱ्या टप्प्यात मुलाखत घेणाऱ्यांना शिकवून गोऱ्या उमेदवारांपैकी काहींशी मुद्दाम तसंच वागायला लावलं. त्या उमेदवारांची कामगिरीही घसरली.

म्हणून ‘मन निःपक्ष ठेवा’ या सल्ल्याने फारसं साधत नाही. प्रश्नच आधी बांधावे लागतात. पतसंस्थेच्या उदाहरणात प्रत्येकाला त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारावं: ‘जुन्या सभासदाचे तीन हप्ते थकले आहेत. तुम्ही काय कराल?’ कशाला किती गुण, हेही आधीच लिहून ठेवावं. ‘नोटीस पाठवीन’ एवढंच उत्तर असेल तर १. भेटून अडचण विचारली तर ३. खात्याचा उतारा पाहून जाणं, जामीनदाराशी बोलणं, नव्या हप्त्यांचं लेखी वेळापत्रक आणि त्याचा पाठपुरावा, हे सगळं आलं तर ५. प्रत्येक सभासदाने उत्तर संपताच आपापला आकडा लिहावा आणि चर्चा त्यानंतर व्हावी. नाहीतर अध्यक्ष ‘मुलगा चांगला वाटला’ म्हणाले की बाकीच्यांचे आकडे आपोआप वर सरकतात. गावाची चौकशी पूर्ण टाळावी. उमेदवाराला सैल करायचं असेल तर मुलाखत कशी चालेल, किती वेळ लागेल, हे सांगितलं तरी पुरतं.

बिघाड ओळखायच्या खुणाही आहेत. एखाद्या उमेदवाराला पाचही प्रश्नांवर सारखेच गुण मिळाले असतील, तर बहुधा प्रश्नांना नव्हे, माणसालाच गुण दिले गेले. आकड्यासमोर उमेदवाराचे शब्द न लिहिता ‘आत्मविश्वास’ किंवा ‘व्यक्तिमत्त्व’ असं काही लिहिलं असेल, तर तो पहिल्या मिनिटाचाच ठसा असण्याची शक्यता जास्त.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. गुणांची पट्टी एकाच कॉलेजातल्या तिघांनी बनवली, तर त्यांची आवड पट्टीतच उतरते. सफाईदार बोलणाऱ्याला तेच उत्तर देऊनही अर्धा गुण जास्त मिळू शकतो. त्यामुळे मुलाखतीचा एकूण निकालातला वाटा मर्यादित ठेवणं आणि शक्य तिथे कामाचाच नमुना करून घेणं बरं. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या एक तृतीयांश वाटा देणं मनमानी ठरवलं. हा वाटा १५ टक्क्यांहून जास्त नसावा, असं न्यायालयाने म्हटलं. त्या मुलाखती उमेदवारामागे दोन-तीन मिनिटंच चालल्याची तक्रारही न्यायालयासमोर होती.