विधेयकाचा धडा तीन रकान्यांत

नागरिकशास्त्रातला ‘विधेयकाचे कायद्यात रूपांतर’ हा भाग वाचताना सोपा वाटतो आणि सारांश लिहायला बसलं की घसरतो. वहीत बहुधा असं काहीतरी उतरतं: विधेयक मांडले जाते, त्यावर चर्चा होते, ते समितीकडे पाठवले जाते, दुसऱ्या सभागृहात मंजूर होते आणि राष्ट्रपतींच्या सहीने कायदा होतो. यात चूक काहीच नाही. पण कोण मांडतं, कोण पाठवतं आणि एखाद्याने नकार दिला तर पुढे काय होतं, हे त्यातून कळत नाही. परीक्षेतले प्रश्न मात्र नेमके तिथेच असतात.

म्हणून धडा तीनदा वाचावा आणि दर वेळी एकच रकाना भरावा: टप्पा, संस्था, अधिकार.

पहिल्या वाचनात फक्त टप्पे टिपायचे. संसदेतल्या साध्या विधेयकाचे टप्पे असे: मसुदा तयार होणे, पहिले वाचन, दुसरे वाचन, तिसरे वाचन, दुसऱ्या सभागृहात हीच तीन वाचने, राष्ट्रपतींची संमती आणि अंमलाची तारीख. पहिल्या वाचनात विधेयक मांडलं जातं, तेव्हा सविस्तर चर्चा होत नाही. दुसरं वाचन सगळ्यात मोठं. त्यात आधी तत्त्वांवर चर्चा होते, विधेयक समितीकडे जाऊ शकतं, मग एकेका कलमावर चर्चा, दुरुस्त्या आणि मतदान होतं. तिसऱ्या वाचनात संपूर्ण विधेयक मंजूर करायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो. ‘समिती’ हा वेगळा टप्पा म्हणून लिहू नये. ती दुसऱ्या वाचनाच्या पोटात येते आणि प्रत्येक विधेयक तिच्याकडे जातंच असं नाही.

धड्याच्या दुसऱ्या वाचनात प्रत्येक टप्प्यापुढे करणाऱ्याचं नाव घालायचं. ‘मांडले जाते’ असं वाक्य दिसलं की विचारायचं, कोणी? सरकारी विधेयक मंत्री मांडतो. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलं तर ते खासगी विधेयक. इथे दोन जागी गल्लत होते. लोकसभा आणि लोकसभेचे अध्यक्ष यांना एकच धरू नये. विधेयक मंजूर करते ती लोकसभा. पण एखादं विधेयक धनविधेयक आहे की नाही, हे ठरवतात अध्यक्ष, आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. दुसरं, राष्ट्रपती संसदेबाहेरचे नाहीत. राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून संसद होते. म्हणून ‘संसदेने मंजूर केल्यावर राष्ट्रपतींकडे जाते’ असं लिहिण्यापेक्षा ‘दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्यावर’ असं लिहिणं नेमकं.

तिसरा रकाना अधिकारांचा. हा सर्वांत कठीण, कारण तो विधेयकाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. भरण्याची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक संस्थेपुढे एकच प्रश्न ठेवायचा: हिला विधेयक पसंत नसेल तर ही काय करू शकते?

राज्यसभा घ्या. साधं विधेयक ती फेटाळू शकते, त्यात दुरुस्त्या सुचवू शकते किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ मंजूर न करता ठेवू शकते. यापैकी काही घडलं आणि मतभेद मिटले नाहीत, तर राष्ट्रपती दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावू शकतात. धनविधेयकाबाबत तिच्या हातात फक्त १४ दिवस आणि शिफारशी. त्या मानायच्या की नाही, हे लोकसभा ठरवते. घटनादुरुस्ती विधेयकाला मात्र राज्यसभेचा नकार निर्णायक ठरतो, कारण तिथे दोन्ही सभागृहांनी स्वतंत्रपणे विशेष बहुमत द्यावं लागतं आणि संयुक्त बैठकीची सोय नाही. एकच संस्था, एकच टप्पा, पण अधिकार तीन तऱ्हेचे. ‘राज्यसभा दुय्यम आहे’ असं एका ओळीत लिहिलेला सारांश म्हणूनच अपुरा पडतो.

राष्ट्रपतींनाही तोच प्रश्न. साध्या विधेयकाला ते संमती देऊ शकतात, ती रोखून ठेवू शकतात किंवा विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. सभागृहांनी ते पुन्हा मंजूर केलं, मग बदल करून असो वा न करता, तर संमती द्यावीच लागते. २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचं विधेयक राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी परत पाठवलं. दोन्ही सभागृहांनी ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली. धनविधेयक राष्ट्रपती परत पाठवू शकत नाहीत, आणि घटनादुरुस्ती विधेयकाला संमती देणं १९७१ च्या २४व्या घटनादुरुस्तीपासून बंधनकारक आहे.

रकाने नीट भरलेत का, हे एखादा खरा कायदा त्यांतून चालवून पाहिल्यावर कळतं. हुंडा प्रतिबंधक कायदा त्यासाठी उत्तम. हे विधेयक १९५९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. हे पहिलं वाचन. पुढे ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. ही समिती म्हणजे संयुक्त बैठक नव्हे. समितीत दोन्हीकडचे निवडक सदस्य असतात आणि ती अहवाल देते, निर्णय घेत नाही. नंतर काही दुरुस्त्यांवरून लोकसभा आणि राज्यसभा यांचं जमेना. सभागृहांचे अधिकार समान असल्यामुळे कोणीच दुसऱ्यावर मात करू शकत नव्हतं. म्हणून ६ आणि ९ मे १९६१ रोजी संयुक्त बैठक झाली. प्रजासत्ताक भारतातली ती पहिलीच. अशा बैठकीत सगळे सदस्य एकत्र मतदान करतात, त्यामुळे सदस्यसंख्येने मोठ्या लोकसभेचं पारडं जड राहतं. राज्यसभेचे साध्या विधेयकाबाबतचे समान अधिकार प्रत्यक्षात इथे उणे पडतात.

२० मे १९६१ रोजी राष्ट्रपतींनी संमती दिली आणि विधेयकाचा कायदा झाला. पण तो लागू झाला १ जुलै १९६१ पासून. मधले सहा आठवडे कुठल्या रकान्यात जातील? टप्पा: अंमल. संस्था: केंद्र सरकार. अधिकार: राजपत्रात अधिसूचना काढून तारीख ठरवणे, कारण तसा अधिकार या कायद्यानेच सरकारला दिला होता. काही कायद्यांत ही तारीख मजकुरातच दिलेली असते. ‘कायदा होणे’ आणि ‘कायदा लागू होणे’ या दोन ओळी वेगळ्या ठेवल्या तरच हा फरक दिसतो.

आता हाच तक्ता महाराष्ट्राच्या विधिमंडळाला जसाच्या तसा लावला, तर मधली एक ओळ चुकते. टप्पे तेच राहतात, लोकसभेच्या जागी विधानसभा आणि राज्यसभेच्या जागी विधान परिषद येते. पण संयुक्त बैठक येत नाही. विधानसभेने मंजूर केलेलं साधं विधेयक परिषदेने फेटाळलं, विधानसभेला न पटणाऱ्या दुरुस्त्या केल्या किंवा तीन महिन्यांहून अधिक अडवलं, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करू शकते. त्यानंतर परिषदेला आणखी एक महिना मिळतो. तरीही ती अडून राहिली, तर विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं मानलं जातं. म्हणजे राज्यसभा साधं विधेयक संयुक्त बैठकीपर्यंत ओढू शकते, तर परिषद ते फक्त लांबवू शकते. शेवटच्या ओळीत राज्यपाल येतात आणि त्यांच्यापाशी राष्ट्रपतींकडे नसलेला एक पर्याय असतो: विधेयक राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवणे.

तक्ता पुरा झाला की त्यावरून लिहिलेला सारांश सहा-सात वाक्यांचा होतो आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला कर्ता असतो. उदाहरणार्थ: ‘साध्या विधेयकावर राज्यसभा आणि लोकसभा यांचे मतभेद मिटले नाहीत, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात, तिचे अध्यक्षस्थान लोकसभेचे अध्यक्ष भूषवतात आणि निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या बहुमताने होतो.’ या एका वाक्यात टप्पा एक आहे, संस्था आणि पदाधिकारी मिळून चार आहेत, आणि कोणाचा अधिकार कुठे संपतो हेही त्यातच आलं आहे.