पन्नास रुपयांचा अर्ज

नोकरभरतीच्या जाहिराती चालवणाऱ्या एजन्सीचा महिनाअखेरचा अहवाल बहुधा एका आकड्याने सुरू होतो: एका अर्जामागे किती खर्च आला. हा आकडा काढायला फारसे कष्ट लागत नाहीत. जाहिरातीचा खर्च आणि आलेले अर्ज, दोन्ही फेसबुकच्या किंवा जॉब पोर्टलच्या पडद्यावर तयारच असतात. एकाला दुसऱ्याने भागलं की झालं. कंपनीला मात्र हवा असतो माणूस. कामाला योग्य, वेळेवर रुजू होणारा आणि टिकणारा. त्याच्यामागे किती खर्च आला, हे सांगणारी नोंद एजन्सीकडे नसते. ती एचआरच्या एक्सेलमध्ये, हजेरीपटात आणि कधीकधी नुसत्याच कुणाच्या तरी आठवणीत असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला क्वालिटी इन्स्पेक्टर हवे आहेत. अट मेकॅनिकल डिप्लोमा आणि दोन वर्षांच्या अनुभवाची. 60 हजार रुपये फेसबुक-इन्स्टाग्रामवर लावले आणि तेवढेच एका जॉब पोर्टलवर. सोशल मीडियावरून 1,200 अर्ज आले, पोर्टलवरून 200. म्हणजे इकडे अर्ज पडला 50 रुपयांना, तिकडे 300 ला. अहवालात सोशल मीडियाच्या ओळीला हिरवा रंग, पोर्टलच्या ओळीला लाल. पुढच्या महिन्यात पैसे कुठे वळवायचे, हे मीटिंगच्या आधीच ठरलेलं असतं.

आता या अर्जांच्या मागे चालत जाऊ. सोशल मीडियाच्या 1,200 जणांना फोन लावले. 480 जणांनी उचलले. त्यातले डिप्लोमा आणि अनुभव दोन्ही असलेले 90, मुलाखतीला प्रत्यक्ष आलेले 30, ऑफर लेटर दिलेले 8, रुजू झालेले 4, आणि तीन महिन्यांनंतर कामावर असलेले 2. पोर्टलच्या 200 पैकी 150 जणांनी फोन उचलला, 70 जण अटीत बसले, 40 मुलाखतीला आले, 14 जणांना ऑफर गेली, 8 रुजू झाले, 6 टिकले. टिकलेल्या एका माणसामागे जाहिरातीचा खर्च सोशल मीडियावर 30 हजार आणि पोर्टलवर 10 हजार. रंगांची अदलाबदल झाली.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. अमेरिकेतल्या एसएचआरएम या एचआर क्षेत्रातल्या संस्थेने 2012 मध्ये भरतीखर्च मोजण्याचं एक प्रमाण ठरवून दिलं. त्यात जाहिरात, एजन्सी असा बाहेरचा खर्च आणि आपल्याच माणसांच्या वेळेचा आतला खर्च, दोन्ही मिळवून भरती झालेल्यांच्या संख्येने भागायचं असतं. आपल्या कारखान्यात प्रत्येक अर्जामागे पाच मिनिटं गेली असं धरलं, तर 1,200 अर्जांना 100 तास लागले. तासाला 250 रुपये धरले तर 25 हजार झाले. पोर्टलच्या 200 अर्जांचे जेमतेम 4,200. मग टिकलेला माणूस सोशल मीडियावरून 42,500 ला पडतो, पोर्टलवरून 10,700 ला. अर्ज जितके स्वस्त, तितका तो पसारा निवडणाऱ्याचा पगार जास्त, आणि तो पगार जाहिरातीच्या अहवालात कुठेच दिसत नाही.

सोशल मीडियावर अर्ज इतके स्वस्त का येतात? फेसबुकच्या जाहिरातीतला फॉर्म त्या माणसाच्या प्रोफाइलवरून नाव आणि नंबर आधीच भरून ठेवतो. रील बघता बघता अंगठा दोनदा टेकला की अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला की पलीकडून विचारणा होते, ‘कुठली कंपनी?’ हा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच आठवत नसतं. पोर्टलवर आलेला माणूस नोकरी शोधायला आलेला असतो. त्याने बायोडेटा चढवलेला असतो, अनुभवाची वर्षं भरलेली असतात. शिवाय फेसबुकची यंत्रणा आपण सांगू त्या गोष्टीमागे धावते. फॉर्म हवेत म्हटलं तर फॉर्म भरण्याची सवय असलेली माणसं ती शोधून आणते. डिप्लोमाचं तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

यावर उपाय आहे, आणि अहवालाची खरी अडचण तिथेच होते. फॉर्ममध्ये ‘डिप्लोमा कोणत्या वर्षी झाला’ आणि ‘चाकणला रोज येता येईल का’ असे दोन प्रश्न घाला, पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायला लावणारा फॉर्मचा प्रकार निवडा. अर्ज धाडकन कमी होतील. समजा 1,200 चे 300 झाले. अर्जामागचा खर्च 50 वरून 200 वर जाईल आणि एजन्सीच्या अहवालात ही चौपट घसरण म्हणून नोंदली जाईल. त्याच 300 मधून चार माणसं टिकली, तर कारखान्याचा फायदाच झाला. ज्या एजन्सीचं काम अर्जामागच्या खर्चावर जोखलं जातं, ती हे दोन प्रश्न आपणहून का घालेल?

फेसबुकला ‘रुजू झालेली माणसं आण’ असंच का सांगू नये, असं वाटेल. पण यंत्रणेला शिकायला उदाहरणं लागतात. जाहिरातींच्या एका संचाला आठवड्याला सुमारे 50. चार माणसांवरून ती काही शिकत नाही. म्हणून जाणकार मधली पायरी निवडतात, म्हणजे अटीत बसलेला उमेदवार. एचआरने ती यादी नियमितपणे परत पाठवायची. अर्थात आठवड्याला तितके पात्र उमेदवारही मिळत नसतील, तर हा मार्ग अपुराच पडतो.

टिकलेल्या माणसामागचा खर्चही डोळे मिटून मानण्यासारखा नाही. आपल्या उदाहरणात दोन आणि सहा माणसांची तुलना आहे. सोशल मीडियावरून आणखी एक जण टिकला असता, तर 42,500 चे 28 हजारांच्या घरात आले असते. एवढ्या लहान आकड्यांवर एखादं माध्यम कायमचं बंद करणं घाईचं होईल. दोन-तीन तिमाह्या एकत्र धराव्यात, किंवा निदान मुलाखतीला आलेल्या पात्र उमेदवारामागचा खर्च बघावा. तो इथे, फोनचा वेळ धरून, सोशल मीडियावर 2,833 आणि पोर्टलवर 1,605 येतो. तफावत उरतेच, पण चौपटीची पावणेदोन पट होते.

दुसरा घोळ तारखांचा. जूनमध्ये अर्ज केलेला माणूस जुन्या कंपनीचा नोटीस पिरियड संपवून ऑगस्टमध्ये रुजू होतो. ऑगस्टचा खर्च ऑगस्टच्या भरतीने भागला, तर ज्या महिन्यात जाहिरात थांबवली तो महिना सर्वांत किफायतशीर दिसेल! जूनच्या अर्जांचा हिशेब जूनच्याच खर्चाशी जुळवावा, मग त्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल.

आणि श्रेयाचं काय? जाहिरात इन्स्टाग्रामवर पाहिली, कंपनीचं नाव लक्षात राहिलं, रविवारी पोर्टलवर शोधून अर्ज केला. अहवालात श्रेय पोर्टलला. लिंकला `utm_source=instagram` अशी शेपटी जोडली तरी हा प्रवास पकडता येत नाही, कारण त्याने ती लिंक दाबलीच नाही. रुजू होताना भरायच्या कागदांत ‘आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?’ असा एक रकाना ठेवला तर थोडी कल्पना येते.

मदतनीस किंवा पॅकिंगच्या कामाला, जिथे फोन उचलणारा जवळपास प्रत्येक जण चालतो, तिथे अर्जामागचा खर्च बऱ्यापैकी खरं बोलतो. इन्स्पेक्टर हवा असेल, तर एजन्सीशी करार करतानाच ठरवून घ्यावं की अर्जाचा क्रमांक शेवटपर्यंत उमेदवारासोबत राहील आणि तीन महिन्यांनी हजेरीपटावर असलेल्यांचे क्रमांक एचआर एजन्सीला परत देईल.