आधीच्या दोन संख्यांची बेरीज

१, १, २, ३, ५, ८... प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोघींची बेरीज. लघू-गुरूंच्या मात्रा मोजताना भारतीय छंदशास्त्रज्ञांना ही मालिका गवसली होती. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी ती मांडली. युरोपात फिबोनाचीने ती १२०२ मध्ये लिहिली. शाळेच्या गणित मंडळात ती पायथनच्या चार ओळींत उभी राहते.

```python
a, b = 1, 1
for i in range(10):
    print(b, b / a)
    a, b = b, a + b
```

पडद्यावर प्रत्येक संख्येशेजारी तिचं मागच्या संख्येशी असलेलं गुणोत्तर उमटतं: १, २, १.५, १.६६..., १.६, १.६२५. ते कधी जास्त, कधी कमी होतं, पण हेलकावे लहान होत जातात. ८९ ला ५५ ने भागलं की १.६१८१ येतं. सुवर्ण गुणोत्तर आहे १.६१८०३...

शेवटची ओळ `a = b` आणि `b = a + b` अशी तोडली, तर गुणोत्तर २ वरच अडकतं. कारण a आधीच बदललेला असतो, त्यामुळे b दर वेळी दुप्पट होतो.

मग मुलं सुरुवात ७ आणि १०० ने करतात. पहिलं गुणोत्तर १४ च्या पुढे, दुसरं १.०७, तिसरं १.९३, तरीही गाडी १.६१८ कडेच वळते. याचं कारण नियमातच आहे. गुणोत्तर x वर स्थिरावलं, तर x = 1 + 1/x व्हायलाच हवं, आणि या समीकरणाचं धन उत्तर एकच, (१ + √५)/२. सुरुवातीच्या संख्या त्यात कुठेच येत नाहीत.