तोट्यातले शेअर विकून कर वाचवताय? आधी हे वाचा

मार्च महिना आला की ब्रोकरच्या अ‍ॅपवर एक सूचना हमखास झळकते: तुमच्या पोर्टफोलिओत इतका तोटा आहे, तो 'हार्वेस्ट' करा आणि कर वाचवा. बटण दाबायला दोन मिनिटं लागतात. पण ते कधी आणि कशावर दाबलं, यावर कर वाचणार की तोटा फुकट जाणार हे ठरतं.

नेमकं काय करायचं असतं?

भावात पडलेला शेअर जोपर्यंत विकला जात नाही, तोपर्यंत आयकर खात्याच्या लेखी तोटा झालेलाच नसतो. तो विकला की तोटा कागदावर येतो आणि त्याच वर्षात दुसऱ्या शेअरवर झालेल्या नफ्यातून वजा करता येतो. यालाच टॅक्स लॉस हार्वेस्टिंग म्हणतात.

एका नोकरदाराचं उदाहरण घेऊ. त्याने यंदा सात महिने ठेवलेले शेअर विकून १ लाख रुपये नफा कमावला. बारा महिन्यांच्या आत विकल्यामुळे हा अल्पकालीन भांडवली नफा. त्यावर २० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे २०,८०० रुपये.

त्याच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचे २०० शेअर आहेत. नऊ महिन्यांपूर्वी ९५० रुपयांनी घेतलेले, आज भाव ६५०. ते विकले तर ६० हजारांचा तोटा नोंदला जाईल, करपात्र नफा ४० हजारांवर येईल आणि कर होईल ८,३२० रुपये. वाचले १२,४८०.

शेअर कोणता विकायचा, यापेक्षा तो किती महिने ठेवलाय हे आधी बघावं. अल्पकालीन तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही नफ्यांतून वजा होतो. दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच. वरचेच २०० शेअर या नोकरदाराने आणखी चार महिने ठेवून विकले, तर तोटा तेवढाच राहील, पण अल्पकालीन नफ्यासमोर त्याचा उपयोग शून्य. आणि पगाराच्या उत्पन्नातून तर यातला कोणताच तोटा वजा होत नाही.

वाचलेला कर खरंच वाचतो का?

बहुतेकांना शेअर कायमचा विकायचा नसतो. कंपनीवर विश्वास असतो, म्हणून ते पुन्हा घेतात. समजा या नोकरदाराने दुसऱ्या दिवशी तेच २०० शेअर ६५५ ला घेतले. आता त्याची खरेदी किंमत ९५० नाही, ६५५ आहे आणि बारा महिन्यांची मोजणीही नव्याने सुरू झाली. सहा महिन्यांत भाव परत ९५० वर गेला आणि त्याने विकले, तर ५९ हजारांचा अल्पकालीन नफा होईल आणि त्यावर १२,२७२ रुपये कर लागेल. म्हणजे यंदा वाचलेले जवळपास सगळे पैसे पुढच्या वर्षी भरायचे. कर माफ झाला नाही, फक्त पुढे ढकलला गेला. वर्षभर थांबून विकले तर मात्र नफा दीर्घकालीन ठरतो, दर १२.५ टक्क्यांवर येतो आणि त्यातही वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो. खरा फायदा तिथे आहे.

खर्चही धरायला हवा. ६५० ला विकून ६५५ ला घेण्यात हजार रुपये गेलेच. विक्री आणि खरेदी दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी, शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि डीपी शुल्क. संध्याकाळी कंपनीचे निकाल चांगले लागले आणि सकाळी भाव ६९० ला उघडला, तर आठ हजार तिथेच संपले.

मग त्याच दिवशी परत घेतले तर?

रात्रभराची ही जोखीम टाळायला अनेक जण सकाळी विकतात आणि दुपारी परत घेतात. सगळ्यात मोठी चूक हीच. एकाच खात्यातून एकाच दिवशी तोच शेअर तेवढाच विकला आणि घेतला, तर तो इंट्राडे व्यवहार ठरतो. डीमॅटमधून शेअर बाहेर जातच नाहीत, ९५० ची जुनी खरेदी जशीच्या तशी राहते आणि ६० हजारांचा तोटा नोंदलाच जात नाही. उलट दिवसभरातल्या फरकाचा नफा-तोटा सट्टा व्यवहारात धरला जातो आणि विवरणपत्र आणखी किचकट होतं.

अमेरिकी व्हिडिओंमध्ये सांगतात तो ३० दिवसांचा 'वॉश सेल' नियम भारतात नाही. दुसऱ्या दिवशी घेतलेलं चालतं.

अ‍ॅपवरची सरासरी किंमत फसवते

हा घोळ टप्प्याटप्प्याने खरेदी करणाऱ्यांचा. समजा कोणी २०२२ मध्ये १०० शेअर ४२० ला घेतले आणि गेल्या ऑगस्टमध्ये आणखी १०० शेअर ९०० ला. अ‍ॅप सरासरी ६६० दाखवतं, आजचा भाव ६५०, आकडा लाल. महागातले शंभर विकून २५ हजारांचा तोटा नोंदवावा, असं वाटणं साहजिक आहे. पण डीमॅट खात्यात जे शेअर आधी आले ते आधी विकले गेले असं धरतात. त्यामुळे शंभर विकले की जातात ते ४२० वाले, आणि तोट्याऐवजी २३ हजारांचा दीर्घकालीन नफा पदरात पडतो. महागातल्या शेअरपर्यंत पोहोचायचं तर सगळे दोनशे विकावे लागतील. ब्रोकरच्या टॅक्स अहवालात प्रत्येक खरेदी तारखेनुसार वेगळी दिसते. होल्डिंगचा स्क्रीन नाही, तो अहवाल बघायचा.

सव्वा लाखाच्या आतला नफा

ज्याचा वर्षाचा दीर्घकालीन नफा १ लाख १० हजार आहे, त्याला त्यावर तसाही कर नाही. तरीही अ‍ॅपच्या सूचनेवरून त्याने ७० हजारांचा दीर्घकालीन तोटा नोंदवला, तर तो तोटा आधी नफ्यातून वजा होतो आणि करमुक्त मर्यादा त्यानंतर लागू होते. नफा ४० हजार उरला, कर आधीही शून्य होता, आताही शून्य. गेले ते ७० हजार, जे पुढच्या एखाद्या मोठ्या नफ्यासमोर कामी आले असते. 'हार्वेस्ट करा' म्हणणाऱ्या सूचनेला ग्राहकाच्या या मर्यादेचं देणंघेणं असेलच असं नाही. अशा माणसाने खरं तर उलटं करायला हवं: मर्यादेत उरलेले १५ हजार भरतील इतपत नफ्यातले जुने शेअर विकून पुन्हा घ्यायचे, म्हणजे खरेदी किंमत कर न भरता वर सरकते.

विवरणपत्राची तारीख

नफ्यातून वजा करूनही तोटा उरला, तर तो पुढची आठ वर्षं ओढता येतो. पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीतच भरावं लागतं. नोकरदारांसाठी ही मुदत साधारणपणे ३१ जुलै असते. त्यानंतर विलंब शुल्क देऊन विवरणपत्र भरता येतं, मात्र त्या वर्षीचा भांडवली तोटा पुढे नेता येत नाही. आणि फॉर्म आयटीआर-१ नाही, आयटीआर-२ लागतो, कारण पुढे न्यायचा तोटा दाखवायची सोय आयटीआर-१ मध्ये नाही.