मिटलेला त्रिकोण

एका लोखंडी कडीला खालून दहा किलोचं वजन टांगलं. कडीला वर धरणाऱ्या दोन तारा: डावी जमिनीच्या पातळीशी ६० अंशांवर, उजवी ३० अंशांवर. दोन्हींत एकेक ताणकाटा अडकवलेला. कडी स्थिर आहे हे डोळ्यांना दिसतंच. पण काट्यांवरचे आकडे खरे आहेत का, हे कागदावर तपासता येतं.

एक किलोला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरा. वजनासाठी सरळ खाली दहा सेंमीची रेघ ओढा. तिच्या टोकापासून उजव्या तारेच्या दिशेने, म्हणजे कडीपासून वर जाणाऱ्या दिशेने, तिच्या ताणाएवढी रेघ काढा आणि त्या टोकापासून डाव्या तारेची. उजवीचा ताण ५ आणि डावीचा ८.७ असेल, तर तिसरी रेघ जिथून सुरुवात केली तिथेच येऊन टेकते. त्रिकोण मिटला म्हणजे तिन्ही ओढींची बेरीज शून्य झाली. बाण मात्र एकामागोमाग एक, एकाच फेऱ्याने जायला हवेत. एखादा उलटा लागत असेल, तर ती तार कडीला ढकलते आहे असा अर्थ होतो, आणि तार कधी ढकलत नाही.

आता समजा, उजवा काटा ५ ऐवजी ४.२ दाखवतो. शेवटचं टोक सुरुवातीच्या बिंदूच्या डावीकडे, किंचित खाली पडतं आणि आठ मिलिमीटरची फट राहते. टोकाकडून सुरुवातीकडे पाहिलं, तर ही फट नेमकी उजव्या तारेच्या दिशेला आहे. त्या दिशेची ०.८ किलोची ओढ हिशेबात कमी पडली आहे. मला या पद्धतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच: चूक आहे एवढंच नव्हे, तर ती किती आणि कुठल्या बाजूची, हेही कागद सांगतो.

तरी लगेच काट्याला दोष देऊ नये. कोन चुकला, तर फट त्या तारेला काटकोनात पडते, आणि इथे दोन्ही तारा एकमेकींना काटकोनात आहेत. त्यामुळे डाव्या तारेचा कोन पाचेक अंशांनी चुकीचा मोजला गेला, तरी जवळपास अशीच फट दिसेल. म्हणून आधी कोन पुन्हा मोजावा. तो बरोबर निघाला, तर उजव्या काट्याला खात्रीचं पाच किलोचं वजन लावून पाहावं. तिथेही ४.२ आलं, की दोष सापडला.

तारा जवळजवळ आडव्या असल्या, तर ही तपासणी डळमळते. तेच दहा किलो दोन्हीकडे पाच अंशांवर तोललं, तर प्रत्येक तारेत सुमारे ५७ किलोचा ताण येतो. चार अंशांवर सुमारे ७२. त्रिकोण सुईसारखा लांबट होतो आणि कोनमापकाच्या एका अंशाने पंधरा किलोंचा फरक पडतो. अशा वेळी कोनमापक बाजूला ठेवून तारेची लांबी आणि कडीचा झोल टेपने मोजावा आणि त्यावरून कोन काढावा.