मनगटाचं प्लॅस्टर निघालं, पुढे काय?

हाडांची लेखमाला : भाग ४

रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ का होतात, ते मागच्या भागात पाहिलं. हे विरळ होणं दुखत नाही, म्हणून बहुतेकींना ते पहिल्यांदा कळतं ते मनगट मोडल्यावर.

नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. ६२ वर्षांच्या बाई ओल्या मोरीत घसरतात, हात टेकतात आणि मनगट मोडतं. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघतं, आणि घरातले म्हणतात, "फरशी ओली होती ना!" पण उभ्या उभ्या पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. मोडलं, तर हाडाची चौकशी व्हायलाच हवी.

साठीत तोल गेला की हात आपसूक पुढे येतो, म्हणून मार मनगटावर बसतो. पंचाहत्तरीनंतर हात वेळेत पुढे येत नाही. माणूस कुशीवर पडतो आणि खुबा मोडतो. उभं राहता येत नाही, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळतं. अशा वेळी मालीश करू नये, चालवून पाहू नये. थेट रुग्णालयात न्यावं. मनगट आणि खुबा यांच्या मधली दहा-पंधरा वर्षं हीच उपचाराची वेळ.

या बाईंची डेक्सा तपासणी केली. टी-स्कोअर उणे २.७ आला, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. त्यांच्या जेवणात दोन चहांचं दूध, वाटीभर दही आणि नाचणीची एक भाकरी. यातून कॅल्शियम मिळतं साधारण ४५० मिलिग्रॅम. लागतं १२०० च्या आसपास. पेलाभर दूध वाढवलं की आणखी ३०० मिळतं. उरलेलं गोळीने भरून काढायचं, आणि साधी कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची.

रक्तात 'ड' जीवनसत्त्वही कमी निघालं. त्यावर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. ती चुकून रोज घेतली गेली, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं; उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं वागतो, मूत्रपिंडावर ताण येतो.

पण कॅल्शियम आणि 'ड' हा फक्त कच्चा माल. उणे २.७ ला हाडांची झीज रोखणारं औषधही लागतं. अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेतात. त्यानंतर अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. दुधाबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही.

राहिलं पडणं. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्री दिवा हवा, सुटं पायपुसणं नको, मोरीच्या भिंतीत धरायला दांडी हवी. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीने उठताना गरगरत असेल, तर आधी मिनिटभर पलंगावर बसावं आणि डॉक्टरांना तसं सांगावं.

पुढच्या भागात : खुब्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे पहिले आठवडे.